सॉरी कोणाला, एक्सक्यूज मी कशासाठी

नागपुरात बोलीभाषेतलं इंग्रजी शिकवताना मला व्याकरणाच्या शंका फार कमी येतात. ‘हॅव बीन’ कुठे वापरायचं, हे मुलं पुस्तकात बघून घेतात. वर्ग सुटल्यावर जिन्यात थांबून, जरा हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो. “मॅडम, तिथे सॉरी म्हणायला पाहिजे होतं का एक्सक्यूज मी?” विचारणारी मुलगी हिंगण्याहून आलेली असते, कामठीहून किंवा बुटीबोरीहून. कुठल्या तरी काउंटरवर, कुठल्या तरी दारात तिच्या तोंडून एक शब्द गेलेला असतो आणि समोरच्याचा चेहरा बदललेला तिने पाहिलेला असतो. तो चेहरा तिला झोपू देत नाही. म्हणून मला हा प्रश्न लहान वाटत नाही.

शाळेत आपल्याला एक सोपा नियम सांगितलेला असतो. आधी एक्सक्यूज मी, नंतर सॉरी. वाट हवी असेल तर एक्सक्यूज मी, धक्का लागला तर सॉरी. दहापैकी बऱ्याच वेळा हा नियम चालून जातो, म्हणूनच तो टिकला आहे. पण शिंक आल्यावर माणूस एक्सक्यूज मी म्हणतो, तेव्हा शिंक तर होऊन गेलेली असते. आणि रक्त घेणारी सिस्टर सुई टोचायच्या आधीच म्हणते, “सॉरी हं, थोडं दुखेल.” म्हणजे आधी-नंतरचा हिशेब दोन्ही बाजूंनी मोडतो.

या दोन शब्दांतला खरा फरक अ‍ॅन बोर्किन आणि सुझन राइनहार्ट या दोघींनी 1978 साली एका शोधनिबंधात मांडला. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना शिकवायचं कसं, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि माझ्यासारखीला त्यांचं उत्तर आजही पुरतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एक्सक्यूज मी हा शब्द रीत मोडल्याबद्दल किंवा आता मोडणार असल्याबद्दल असतो. चारचौघांत वागायचे काही संकेत असतात. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये, दोघांच्या मधून जाऊ नये, जेवणावरून अर्ध्यात उठू नये, सगळ्यांसमोर ढेकर देऊ नये. असा हलका संकेत मोडला की एक्सक्यूज मी. सॉरी मात्र माणसाबद्दल असतं. समोरच्याला काही सोसावं लागलं, त्याचा हक्क डावलला गेला, त्याच्यावर वाईट वेळ आली, आणि त्याचं मला वाईट वाटतं आहे, हे सांगायला सॉरी.

एवढं धरलं की शिंकेचं आणि सुईचं कोडं सुटतं. शिंकेनं कोणाचं काही बिघडलं नाही, फक्त रीत मोडली. सुईनं दुखणार आहे, आणि ते एका माणसाला दुखणार आहे.

मी वर्गात हे शिकवताना मुलांना वसंतराव देशपांडे सभागृहात नेते, म्हणजे मनानं. नाटक सुरू व्हायला आलं आहे, तुमची खुर्ची रांगेच्या मधोमध आहे आणि आठ-दहा माणसांच्या गुडघ्यांसमोरून तुम्हाला जायचं आहे. इथे म्हणायचं एक्सक्यूज मी. बसलेल्याला पाय आवरावे लागतील, पण त्याचं नुकसान काही नाही. रांगेत मधली खुर्ची असली की कोणीतरी असं जाणारच. जाता जाता एका काकूंच्या बोटावर तुमची टाच पडली. आता सॉरी, आणि थांबून. पुढे पुढे सरकत हवेत टाकलेलं सॉरी त्या काकूंपर्यंत पोचत नाही. आता समजा नाटक सुरू होऊन वीस मिनिटं झाली आहेत आणि तुम्ही अंधारात त्याच रांगेतून चालला आहात. वाट तीच, गुडघे तेच. तरीही आता सॉरी जास्त बरोबर, कारण त्या दहा जणांचं नाटकातलं एखादं वाक्य तुमच्यामुळे हुकलं. तसंच उशिरा पोचण्याचं आहे. पन्नास जणांच्या वर्गात मागच्या दारानं उशिरा आलात तर एक्सक्यूज मी पुरतं. चार जणांची बैठक तुमच्यासाठी खोळंबली असेल तर सॉरीच लागेल. तुमच्या वागण्याची किंमत कोणी मोजली का, आणि मोजली तर ती कोणी, एवढं विचारलं की शब्द आपोआप सापडतो.

हा भेद अमेरिकेच्या इंग्रजीत जितका ठळक आहे तितका इंग्लंडात नाही, हेही मी सांगते. तिकडे लक्ष वेधायला, वाट मागायला, ऐकू आलं नाही म्हणायलाही सॉरी सर्रास चालतं. म्हणून लंडनला गेलेल्या भावाशी फोनवर बोलून कोणी मुलगी मला म्हणते, “मॅडम, तिथं तर सगळेच सॉरी म्हणतात.” म्हणतात. आणि तिथे ते खपतं, कारण ते म्हणून थांबायची सवय त्या लोकांना आहे.

थांबण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही लायनींची माणसं एकमेकांत मिसळतात. दार उघडल्यावर उतरणाऱ्यांच्या मधून मुसंडी मारणारी तरुण पोरं “सॉरी सॉरी सॉरी” म्हणत घुसतात. शब्द सभ्य आहे, पण तो धक्क्याच्या बरोबरीनं येतो. समोरच्याला करण्यासारखं काही उरतच नाही. धक्का लागून झालेला असतो आणि माफीही मागून झालेली असते. एक्सक्यूज मी ही विनंती आहे. ती केली की समोरच्याची पाळी येते. तो मान वळवतो, बॅग ओढून घेतो, अर्धा पाऊल मागे होतो, मग तुम्ही जाता. मध्ये जेमतेम एक-दीड सेकंद जातो. तो सेकंद दिला नाही तर एक्सक्यूज मी म्हणूनही उपयोग नाही. आपल्या बोलीत हे फार चांगलं जमतं. “जरा सरका ना जी” किंवा “काकू, थोडं पुढं होता का?” असं म्हणणारा माणूस म्हटल्यावर थांबतोच, कारण वाक्य प्रश्नाचं आहे आणि उत्तर यायचं आहे. जी मुलं मराठीत हे रोज नीट करतात, तीच इंग्रजी शब्द तोंडात आला की घाई करतात. शब्दच सगळं काम करेल असं त्यांना वाटतं.

आता उत्तराकडे येते, कारण खरी गंमत आणि खरी पंचाईत तिथे आहे. प्रत्येक शब्दाला त्याचं त्याचं उत्तर असतं. थँक्यूला ‘यू आर वेलकम’, सॉरीला ‘दॅट्स ऑल राइट’ किंवा ‘इट्स ओके’. मग एक्सक्यूज मीला काय? दर नव्या तुकडीत मी हे करून दाखवायला लावते. एक जण दारात उभा राहतो, दुसरा त्याला एक्सक्यूज मी म्हणतो. दारातला जवळजवळ नेहमी हसून “इट्स ओके” म्हणतो आणि तसाच उभा राहतो. सगळा वर्ग हसतो, पण त्याला कळत नाही काय चुकलं. वाट मागणाऱ्या एक्सक्यूज मीचं उत्तर शरीरानं द्यायचं असतं. सरकायचं. वर ‘शुअर’ म्हटलं तर उत्तम, नाही म्हटलं तरी चालतं. आणि कोणी लक्ष वेधायला म्हटलं असेल तर त्याच्याकडे बघून ‘येस?’ म्हणायचं. तिथे इट्स ओके म्हटलं की त्याची विनंती माफीच्या खात्यात जाते आणि तो जिथल्या तिथे अडकतो.

एक प्रसंग सविस्तर सांगते. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसणारी माझी एक विद्यार्थिनी होती. धंतोली म्हणजे डॉक्टरांची वस्ती, दुपारनंतर तिथल्या कुठल्याही काउंटरवर श्वास घ्यायला फुरसत नसते. एका आजोबांचा रिपोर्ट चार वाजता मिळायचा होता, सहा वाजत आले तरी मिळाला नव्हता. त्यांच्यासोबत अमेरिकेत वाढलेली नात होती. कारण साधं होतं. रक्त काढताना किंवा नेता-आणताना नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या. तसं झालं की पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच जास्त दिसतो. म्हणून नमुना पुन्हा घ्यावा लागणार होता. पुढे जे झालं ते त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं सांगितलं आणि आम्ही ते फळ्यावर ओळीनं लिहिलं.

नात आली आणि म्हणाली, “एक्सक्यूज मी, वुइ हॅव बीन वेटिंग टू अवर्स.” माझी विद्यार्थिनी म्हणाली, “येस मॅम, सॅम्पल प्रॉब्लेम.” नात म्हणाली, “एक्सक्यूज मी?” आणि हिनं अदबीनं उत्तर दिलं, “येस मॅम, टेल मी.”

तिथून सगळं बिघडलं. हिला वाटलं, पुन्हा लक्ष वेधते आहे. पण पहिलं एक्सक्यूज मी सपाट सुरात होतं आणि त्याच्यामागे लगेच वाक्य होतं. दुसऱ्याचा सूर शेवटी वर गेला होता आणि मागे काहीच नव्हतं. असं एकटं, वर चढलेलं एक्सक्यूज मी म्हणजे ‘काय म्हणालात?’ आणि ‘मी’वर जोर आला तर ‘काय बोलता आहात तुम्ही?’ तिला एक तर ऐकू आलं नव्हतं किंवा ऐकलेलं पटलं नव्हतं. दोन्हीला उत्तर एकच, जे आधी बोललो ते जास्त नीट आणि पूर्ण सांगायचं. हिचं ‘टेल मी’ ऐकून त्या नातीला वाटलं, ही मला उडवून लावते आहे. मग ती मोठ्यानं बोलू लागली. शेवटी माझी विद्यार्थिनी म्हणाली, “मॅम, नॉट माय फॉल्ट.”

वर्गात मी विचारलं, सॉरी का नाही म्हणालीस? ती म्हणाली, “मॅडम, रक्त मी थोडीच काढलं होतं? सॉरी म्हटलं तर चूक माह्यावर नाही येत का?”

तिची भीती खोटी नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं सॉरी म्हटलं की ते धरून ठेवणारी माणसं असतात, आणि मॅनेजरही असतात. ही भीती इतकी खरी आहे की कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं 2009 साली त्यासाठी कायदाच केला. कोणी माफी मागितली तर दिवाणी दाव्यात तेवढ्यावरून त्याची चूक सिद्ध धरता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण बोर्किन-राइनहार्टचा धागा इथेही उपयोगी पडतो. सॉरी माणसाच्या सोसण्याबद्दल असतं. चूक कोणाची, हा वेगळा प्रश्न. एखाद्याचे वडील गेले तरी इंग्रजीत आय अ‍ॅम सॉरी म्हणतात, तेव्हा कोणी विचारत नाही की तुम्ही काय केलंत. तेव्हा प्रश्न उरतो तो सॉरीच्या पुढे काय जोडायचं याचा. नुसतं सॉरी तोडून टाकलं की ते कबुलीसारखं ऐकू येतं किंवा कटवल्यासारखं. त्याला सोसणं जोडायचं. “आय अ‍ॅम सॉरी यू हॅड टू वेट सो लाँग.” तुम्हाला इतकं थांबावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. यात चूक कोणाचीच सांगितलेली नाही, पण दोन तासांची नोंद घेतलेली आहे. त्यानंतर कारण, मग पुढे काय होणार आणि किती वेळात. या क्रमाबद्दल माझा आग्रह असतो. कारण आधी सांगितलं की ते सबब वाटतं. आणि ‘सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स’ हे काउंटरवर तोंडानं म्हणू नये, असं मी स्पष्ट सांगते. ते खोदलेल्या रस्त्यावरच्या पाटीवर ठीक आहे. समोर आजोबा बसलेले असताना ‘थांबावं लागलं’ असंच म्हणावं.

त्या संध्याकाळचा शेवट बरा झाला. नमुना पुन्हा घेतला, रिपोर्ट आला, आकडा नॉर्मल निघाला. जाताना ती नात काउंटरवर थांबली आणि म्हणाली, “थँक्यू सो मच. अँड आय अ‍ॅम सॉरी आय वॉज रूड.” माझी विद्यार्थिनी म्हणाली, “वेलकम.” नात क्षणभर उभी राहिली आणि गेली.

“ती उभी काऊन राहिली मॅडम?” असं वर्गानं विचारलं, आणि मला आनंद झाला, कारण त्यांना तो क्षण दिसला होता. तिनं दोन गोष्टी दिल्या होत्या आणि उत्तर एकीचंच मिळालं. आभार पोचले, माफी तशीच राहिली. शिवाय ‘वेलकम’ सॉरीच्या लगोलग आलं. तिथे ते ‘तू उद्धट वागलीस, हरकत नाही, या पुन्हा’ असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. वेलकम फक्त थँक्यूला लागतं. ‘नो प्रॉब्लेम’ दोन्हीला लागतं, म्हणून नवशिक्यांना ते सोयीचं वाटतं. पण दोन गोष्टी एकदम आल्या तर जी जड आहे तिला आधी उत्तर द्यावं. इथे माफी जड होती. अनोळखी माणसासमोर ती सहज निघत नाही. “दॅट्स ऑल राइट. यू वेअर वरीड अबाउट युवर ग्रँडफादर.” एवढं म्हटलं असतं तर आभाराचं वेगळं उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं.

मग वर्गात वाद झाला तो नो प्रॉब्लेमवर. अमेरिकेत दुकानात किंवा हॉटेलात तरुण नोकरानं थँक्यूला नो प्रॉब्लेम म्हटलं की जुन्या वळणाची गिऱ्हाइकं नाराज होतात. त्यांचं म्हणणं, मी पैसे देऊन सेवा घेतली, त्यात तुला प्रॉब्लेम व्हायचा प्रश्नच कुठे आला? तरुणांना मात्र यू आर वेलकम जरा अवजड वाटतं, आपण उपकार केल्याची पावती फाडल्यासारखं. मला दोघांचंही पटतं, कारण दोन्ही उत्तरं वेगवेगळी कामं करतात. नो प्रॉब्लेम, नॉट अ‍ॅट ऑल, डोन्ट मेन्शन इट ही मंडळी केलेलं काम लहान करतात. यू आर वेलकम काम तेवढंच ठेवतं आणि आभार स्वीकारतं. कोणी पेन परत करताना थँक्यू म्हणालं तर नो प्रॉब्लेम छान. पेन लहानच असतं. पण कोणी डोळ्यांत पाणी आणून, तुम्ही रात्री धावपळ केलीत म्हणून आभार मानत असेल, तर ते लहान करू नये. तिथे नो प्रॉब्लेम म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या भावनेलाच ‘एवढं काही नव्हतं’ म्हणणं. तिथे पूर्ण ‘यू आर वेलकम’ म्हणावं, त्याच्याकडे बघून. आणि पूर्णच म्हणावं. आपल्याकडे नुसतं ‘वेलकम’ रूढ झालं आहे आणि नागपुरात ते सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या कानाला ते लग्नाच्या दारावरच्या कमानीसारखं लागतं. आमच्या आधीच्या पिढीतले हेडक्लार्क, बँकेतले काका ‘मेन्शन नॉट’ म्हणायचे. डोन्ट मेन्शन इटचंच ते आपल्या देशात घडलेलं रूप. काम लहान करायची आपली सवय त्यात बरोबर उतरली आहे, म्हणून मला ते कानाला गोड वाटतं आणि कोणी म्हटलं तर मी सुधारत नाही.

आपल्या घरात थँक्यू म्हणत नाहीत म्हणजे आपण असभ्य, असं मुलांना वाटतं, ते मात्र मी लगेच खोडते. सायमन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी 2018 साली आठ भाषांतल्या रोजच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरात, शेजारात, मित्रांत कोणी काही मागितलं आणि ते मिळालं, अशा हजाराहून जास्त घटना त्यांनी तपासल्या. आभाराचा शब्द सरासरी वीस वेळांतून जेमतेम एकदा आला. इंग्रजी त्यात बरीच पुढे होती, तरी तीही सातातून एकदाच. म्हणजे इंग्रजी घरातही मीठ दे म्हटलं की लोक मीठ देतात आणि जेवण चालू राहतं. सिनेमात आणि पाठ्यपुस्तकात दिसणारं थँक्यू-वेलकमचं जाळं मुख्यतः काउंटरवरचं आहे, अनोळखी माणसांमधलं.

म्हणून मी मुलांना घरी बोलायला शिकवत नाही, काउंटरवर बोलायला शिकवते. घरी आई अजूनही म्हणेल, “थँक्यू कायले म्हणतं वं, पोळी घे अजून.” त्या वाक्यात आभार नाकारले आहेत, काम लहान केलं आहे आणि पुढची पोळीही दिली आहे. याला इंग्रजीत तयार उत्तर नाही, आणि लागतही नाही.

ती धंतोलीची मुलगी आता एका रुग्णालयाच्या फोनवर बसते. तिथे अंगानं सरकून उत्तर देण्याची सोय नाही, समोरचा दिसत नाही, लाईन खरखरते. परवा ती विचारायला आली की पेशंटचं नाव ऐकू आलं नाही तर तिसऱ्यांदा काय म्हणायचं. पहिल्यांदा ‘सॉरी?’ चालतं, दुसऱ्यांदाही चालतं. तिसऱ्यांदा तोच शब्द आला की पलीकडचा चिडतो, कारण आता त्याला तेच सगळं पुन्हा म्हणायला लावलं जातं. मी तिला सांगितलं, तिसऱ्या वेळी माफी मागू नकोस. जेवढं ऐकू आलं तेवढं स्वतः म्हणून दाखव आणि उरलेलं विचार. “आय गॉट देशमुख. कॅन यू स्पेल द फर्स्ट नेम फॉर मी?” तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि विचारलं, मराठीत फोन असेल तर? मराठीतही तेच. “देशमुख कळलं जी, पहिलं नाव एकेक अक्षर सांगता का?”